गृहपाठाचा फोटो बाईंपर्यंत पोचला का, हे घरी कसं बघायचं?

सहावीच्या पालकांना नमस्कार.

मागच्या वर्षी एका सोमवारी सकाळी एका मुलीच्या आईनं मला शाळेच्या फाटकातच गाठलं. "बाई, तुम्ही गृहपाठ आला नाही म्हणून लिहिलंय, पण पोरीनं पाठवलाय की ओ. हे बघा." त्यांनी मोबाइलची गॅलरी उघडून दाखवली. अपूर्णांकांचा सराव, तीन पानं, गणितं नीट सोडवलेली, एका पानावर तर समासातली रेघही पट्टीनं मारलेली. आणि माझ्याकडे मात्र तिच्या नावापुढे लाल अक्षरात "Missing". आई खरं बोलत होती आणि माझी यादीही खरी होती. दोघींमध्ये नेमकं काय झालं होतं ते मी पुढे सविस्तर सांगणार आहे, कारण दर महिन्याला एकदोन घरांत हेच होतं.

यंदा जूनपासून तुमच्यातले बरेच जण पहिल्यांदाच गुगल क्लासरूम वापरणार आहात. पाचवीपर्यंत वही दप्तरात जायची आणि सही होऊन परत यायची. आता आठवड्यातून दोन गृहपाठ वहीत सोडवून त्यांचे फोटो पाठवायचे आहेत. फोटो काढणं मुलांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं, ते मी शिकवत नाही. पाठवल्यानंतरची दोन मिनिटं मात्र मोठ्या माणसानं शेजारी बसावं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी खातं बघा

क्लासरूम उघडलं की वर उजव्या कोपऱ्यात गोलात फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर दिसतं. त्यावर बोट ठेवा. तिथं मुलाचं खातं दिसलं पाहिजे, बाबांचं किंवा दादाचं नाही. एका फोनवर तीन-चार खाती असणं आपल्याकडे नेहमीचंच. आपला वर्ग यादीत दिसतच नसेल तर घाबरून मला फोन करू नका, दहापैकी नऊ वेळा खातं चुकलेलं असतं. त्याच गोलावरून खातं बदला, वर्ग परत दिसेल.

खात्यातली जागाही एकदा बघून ठेवा. साध्या जीमेल खात्याला 15 जीबी जागा फुकट मिळते आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. मुलाच्याच खात्यावर घरच्या सगळ्या फोटोंचा बॅकअप चालू असेल, तर एका लग्नसराईत ती जागा संपते. मग गृहपाठाचा फोटो चढतच नाही आणि मूल म्हणतं, "नेट स्लो आहे." किती जागा उरली आहे ते one.google.com/storage या पत्त्यावर त्याच खात्यातून दिसतं.

जोडणं वेगळं, जमा करणं वेगळं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून सावकाश वाचा.

वर्ग उघडा, खाली "Classwork" मध्ये जा, गृहपाठाच्या नावावर बोट ठेवा. खालच्या बाजूला "Your work" असं लिहिलेली पट्टी असते, ती वर ओढा. तिथल्या "Add attachment" मधून फोटो निवडायचा किंवा तिथूनच कॅमेरा उघडून काढायचा. प्रत्येक पानाचा एक फोटो. फोटो चढत असताना ॲप बंद करू नका, दुसरीकडे व्हिडिओ बघायला जाऊ नका. पूर्ण चढला की फोटो यादीत नावासकट स्थिर दिसतो.

इथपर्यंत जे झालं ते नुसतं जोडणं. वहीच्या भाषेत सांगायचं तर वही दप्तरात ठेवली, टेबलावर दिली नाही. अशी अर्धवट जोडलेली पानं मुलाच्या नावावर गेलं तर मला दिसू शकतात, पण ती मी तपासत नाही. मूल अजून त्यात बदल करत असेल, असं मी धरते. तपासायला मी फक्त जमा झालेल्यांची यादी घेते.

जमा करायला "Turn in" हे बटण दाबायचं. काही फोनवर तेच "Hand in" असं दिसतं. ते दाबलं की लगेच एक छोटी चौकट येऊन पुन्हा विचारते, आणि तिथंही "Turn in" दाबावं लागतं. पुष्कळ मुलं पहिलं बटण दाबून फोन ठेवून देतात आणि ती चौकट तशीच उघडी राहते. दोनदा दाबायचं, एवढं लक्षात ठेवा.

आता यातली एक खोच. एकही फोटो जोडलेला नसेल, तर त्याच जागी "Turn in" ऐवजी "Mark as done" असं बटण असतं. वहीत गृहपाठ झालाय म्हटल्यावर मूल ते निरागसपणे दाबून टाकतं. मग त्याच्या नावापुढे जमा झाल्याची खूण येते, माझ्याकडेही ते नाव जमा झालेल्यांत येतं, आणि मी उघडते तर आत काहीच नाही. गेल्या वर्षी पहिल्या चाचणीच्या आधी माझ्या वर्गात अशी पाच मुलं निघाली. त्यांच्या घरी सगळ्यांना वाटत होतं की गृहपाठ पोचला, कारण पडद्यावर तसंच लिहिलेलं होतं.

दोन मिनिटांची तपासणी

जमा केल्यावर ॲप पूर्ण बंद करा. मागे ढकलून ठेवलं म्हणजे बंद नव्हे, चालू ॲपच्या यादीतून सरकवून काढा. मग परत उघडा, नेट चालू आहे ना बघा आणि पडदा बोटानं खाली ओढून सोडा, म्हणजे ताजी माहिती येईल. हे करायचं कारण असं की नेट गेलेलं असतानाही ॲप आधीची माहिती दाखवत राहतं, आणि जुन्या माहितीवर आपण निश्चिंत होतो.

आता तोच गृहपाठ उघडून "Your work" ची पट्टी वर ओढा आणि तीन गोष्टी बघा. "Turned in" लिहिलेलं आहे का. खाली जोडलेल्या फोटोंची संख्या वहीतल्या पानांएवढी आहे का. आणि प्रत्येक फोटोवर बोट ठेवल्यावर तो उघडतो का, वाचता येतो का.

तिसरी गोष्ट सगळे गाळतात. नुसतं छोटं चित्र दिसतं म्हणून समाधान मानू नका. उघडून, दोन बोटांनी मोठं करून, एखादं उदाहरण स्वतः वाचा. अपूर्णांकात छेद धूसर आला तर तीन आहे की आठ हे मला कळत नाही, आणि मी अंदाजानं गुण देत नाही. रात्री ट्यूबलाइट पाठीमागे असली की वहीवर मुलाच्याच डोक्याची सावली पडते. खिडकीपाशी उजेडात काढलेला फोटो सगळ्यात चांगला. संध्याकाळीच फोन हातात येत असेल तर वही दिव्याखाली ठेवा आणि मुलाला बाजूला उभं राहून काढू द्या.

याहून पक्की खात्री हवी असेल तर घरातल्या दुसऱ्या फोनवर मुलाचं खातं उघडा किंवा संगणकावर classroom.google.com वर जा. तिथंही तेच फोटो दिसले म्हणजे ते या फोनमध्ये अडकलेले नाहीत, वर पोचलेले आहेत. दर वेळी एवढं करायची गरज नाही. पहिल्या दोन-तीन गृहपाठांना करा, मुलाच्या हाताला सवय लागेपर्यंत.

स्क्रीनशॉट काढून ठेवायला माझी ना नाही. पण स्क्रीनशॉट त्या मिनिटाचा असतो. नंतर कुणी काही काढून घेतलं तर तो ते सांगत नाही, हे त्या मुलीच्या बाबतीत मी आणि तिच्या आईनं मिळून शोधून काढलं.

त्या तीन पानांचं काय झालं होतं

त्या मुलीचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत. घरात इंटरनेटचा फोन एकच, तो त्यांच्याबरोबर जातो आणि रात्री आठनंतर घरी येतो. गृहपाठाची मुदत रविवारी रात्री 9 ची होती. एरवी शिफ्ट संपून वडील घरी येतात त्याच सुमारास त्या दिवशीही आले.

आईला मी वर्गात बोलावलं आणि माझ्या संगणकावर मुलीचं नाव उघडलं. शिक्षकांना तिथं "See history" असं दिसतं. त्यात मुलानं कधी जमा केलं, कधी परत घेतलं, याच्या वेळा असतात. तिथं दिसलं की 8 वाजून 41 मिनिटांनी गृहपाठ जमा झाला होता. तीन पानं, वेळेत. आणि 8 वाजून 56 मिनिटांनी तो परत घेतला गेला होता. त्यानंतर काहीच नोंद नाही. जोडलेल्या फोटोंत पहिलं आणि तिसरं पान होतं, मधलं गायब.

मुलीला विचारलं तेव्हा उलगडा झाला. जमा केल्यावर तिनं शहाण्यासारखं प्रत्येक पान उघडून बघितलं. दुसऱ्या पानावर अंगठ्याची सावली आली होती. म्हणून तिनं "Unsubmit" दाबलं, ते पान काढून टाकलं आणि नवा फोटो काढला. नवा फोटो गॅलरीत आला, तो आम्ही फाटकात बघितलाच होता. पण तो क्लासरूममध्ये चढायच्या आत वडिलांना मुकादमाचा फोन आला आणि मोबाइल हातातून गेला. बोलणं संपलं तेव्हा साडेनऊ झाले होते आणि पोरगी झोपली होती. सकाळी तिनं आईला सांगितलं, "मी पाठवलंय," आणि ते तिच्या दृष्टीनं खरंच होतं.

"Unsubmit" चा अर्थ दिलेली वही टेबलावरून परत उचलणं. उचलल्यावर ती परत द्यायची जबाबदारी आपली. पुन्हा "Turn in" दाबेपर्यंत गृहपाठ दिलेलाच नाही असं धरलं जातं, आधी कितीही वेळेत दिलेला असला तरी. आणखी एक गोष्ट तिच्या आईलाही पटायला वेळ लागला. मुदत उलटल्यावर परत दिला तर तो उशिरा दिलेला म्हणूनच नोंदला जातो. आधीची 8:41 ची वेळ धरत नाहीत.

मग तिनं काय करायला हवं होतं? मुदतीला चार मिनिटं उरलेली असताना आणि फोन केव्हाही हातातून जाणार असताना, काहीच उचलायला नको होतं. "Your work" मध्येच खाली "Private comments" असतात. तिथं "बाई, पान 2 वर सावली आहे" एवढं लिहिलं असतं तरी मी दुसऱ्या दिवशी वहीत बघितलं असतं. तो निरोप फक्त मला दिसतो, वर्गाला नाही. मुदतीला तास-दीड तास शिल्लक असेल तर खुशाल परत घ्या, दुरुस्त करा, पुन्हा जमा करा आणि वरची तपासणी पहिल्यापासून पुन्हा करा.

उशीर झाल्याची खूण मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. आपल्याकडे कुणाचे वडील शिफ्टवर, कुणाची आई विड्या वळून कारखान्यात देऊन येते तोवर सात वाजतात, जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत घरी पाहुणे. दहा-वीस मिनिटं इकडंतिकडं झाली तर मी गुण कापत नाही. रिकामा गृहपाठ मात्र मला तपासता येत नाही.

पोचलेला गृहपाठ आणखी कशानं नाहीसा होतो

"Unsubmit" नंतरचं मोठं कारण म्हणजे फोटो चुकीच्या जागी टाकणं. वर्ग उघडल्यावर पहिल्यांदा दिसतो तो "Stream", म्हणजे वर्गाचा फळा. तिथं टाकलेलं सगळ्या वर्गाला दिसतं. मुलं गडबडीत गृहपाठाचा फोटो तिथंच लावतात. मी तो काढून टाकते, आणि ते मुद्दाम करते. एकाची उत्तरं चाळीस जणांना दिसली की गृहपाठ कशाला द्यायचा? त्यामुळे काल फळ्यावर दिसलेला फोटो आज गायब असेल तर तो मी काढलेला असण्याची शक्यताच जास्त. मुलाला रागावू नका. गृहपाठ उघडून "Your work" मध्ये नव्यानं जोडायला सांगा.

दुसरं कारण सफाई. फोनमधली जागा भरली की घरातलं कुणीतरी फोटो पुसत बसतं. इथं दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. क्लासरूममध्ये पूर्ण चढलेला फोटो ही स्वतंत्र प्रत असते, गॅलरीतला पुसला तरी ती राहते. पण मुलाच्या गुगल ड्राइव्हमध्ये "Classroom" नावाचा फोल्डर असतो आणि जोडलेले फोटो तिथं असतात. जमा केलेला फोटो माझ्या ताब्यात असतो. पण जोडून जमा न केलेला, किंवा तपासून मी परत दिलेला फोटो पुन्हा मुलाच्या ताब्यात जातो, आणि तो ड्राइव्हमधून पुसला तर जातोच. तिथल्या "Trash" मध्ये तो 30 दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. म्हणून सांगते, गॅलरी हवी तेवढी साफ करा, ड्राइव्हमधल्या त्या फोल्डरला वर्ष संपेपर्यंत हात लावू नका.

आणि एक खोटी भीती. तपासून झाल्यावर मी गृहपाठ परत देते, तेव्हा "Turned in" ही अक्षरं जाऊन "Returned" किंवा गुण दिसायला लागतात आणि खाली "Resubmit" असं बटण येतं. ते बघून काही पालकांना वाटतं, गृहपाठ उडाला, परत पाठवा म्हणतात. तसं नाही, तो तपासून झालाय. मी दुरुस्ती सांगितली असेल तरच ते बटण दाबायचं.

व्हॉट्सअॅपवर टाकलं तर?

हा प्रश्न दर पालकसभेत येतो. नेटची फारच पंचाईत असेल त्या दिवशी मला एकटीला पाठवा, वर्गाच्या ग्रुपवर नको. पाठवल्यावर घड्याळाचं चिन्ह म्हणजे अजून तुमच्याच फोनमध्ये आहे. एक बरोबरची खूण म्हणजे तुमच्याकडून निघालं. दोन खुणा म्हणजे माझ्या फोनवर आलं. ग्रुपवर दोन खुणा सगळ्यांच्या फोनवर पोचल्याशिवाय येत नाहीत, त्यामुळे एखाद्याचा फोन बंद असला तरी तुम्हाला एकच खूण दिसत राहते आणि माझ्यापर्यंत आलं की नाही ते त्यावरून कळत नाही. संदेशावर बोट दाबून धरून "Info" उघडलं तर कुणाकुणाला पोचलं ते दिसतं.

ग्रुपवर संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय कुणी चालू केली असेल, तर 24 तासांत, 7 दिवसांत किंवा 90 दिवसांत फोटो चॅटमधून जातो. आणि कॅप्शनच्या चौकटीतलं ① हे चिन्ह चुकून दाबलं गेलं असेल तर मी फोटो एकदा उघडून बंद केला की संपला, दुसऱ्यांदा बघता येत नाही. तपासायला मला एकच पान तीनदा बघावं लागतं. ते चिन्ह दाबलेलं नाही ना, एवढं पाठवण्याआधी बघा. आणि व्हॉट्सअॅपवर आलेला गृहपाठ क्लासरूममध्ये आपोआप जमा होत नाही, तो नेट आल्यावर तिथं टाकावाच लागतो.

तरीही "Missing" दिसलं तर

मुलाला ओरडायच्या आधी "Your work" उघडा आणि तिथं काय दिसतंय ते बघा. फोटो जोडलेले आहेत आणि "Turn in" बटण समोर आहे, तर दोनदा दाबा, काम झालं. फोटोच नाहीत, तर खातं तपासा. फोटो आहेत, "Turned in" ही आहे आणि तरी माझा निरोप आला, तर चूक माझी असू शकते, मी दोन तुकड्यांच्या याद्या एकाच रात्री तपासते.

अशा वेळी मला दुपारी अडीच ते चारमध्ये निरोप टाका. त्यात मुलाचं नाव आणि तुकडी, गृहपाठाचं नाव आणि "Your work" च्या पट्टीचा स्क्रीनशॉट एवढं असू द्या. स्क्रीनशॉटमध्ये फोटोंची यादी आणि वरची वेळ दोन्ही आली पाहिजेत, गॅलरीचा फोटो नको. मी "See history" बघून तुम्हाला त्याच दिवशी वेळा कळवते. आणि वही तोवर दप्तरातच राहू द्या, मी ती मागून बघेन.